पाच मिलिग्रॅमच्या खालची वाट

डॉक्टर, माझी आई ५६ वर्षांची आहे, विड्या वळते. तिला आमवात आहे. सहा महिने रोज प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅमची गोळी चालू होती, सोबत आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. सांधे मोकळे झाले, पण तोंड सुजलं आणि जेवणानंतरची साखर २६० निघाली. शेजारचे म्हणायले, हे स्टेरॉईड आहे, हाडं खातं. मग मीच गोळी बंद केली. चौथ्या दिवशी आई उठेना, उलट्या व्हायल्या, उभी राहिली की चक्कर. दवाखान्यात सलाईन लावलं आणि तीच गोळी परत चालू केली. आता डॉक्टर म्हणतात, पूर्ण बंद करायला आठ-नऊ महिने लागतील. जे औषध इतकं वाईट, ते काढायला इतके महिने कशाला?
— एक यंत्रमाग कामगार, विडी घरकुल, सोलापूर

आज सकाळची गोळी आईला दिली असेल तर पुढचं सावकाश वाचा. दिली नसेल तर आधी तिला दोन घास खायला घाला, गोळी द्या आणि मग वाचायला बसा.

तुम्ही काळजीपोटी गोळी थांबवली, त्यात तुमचा दोष मी धरत नाही. ही गोळी लिहून देताना ‘अचानक बंद करू नये’ हे वाक्य आम्ही डॉक्टरांनी मोठ्या अक्षरात लिहायला हवं आणि तोंडीही सांगायला हवं. गर्दीच्या ओपीडीत ते राहून जातं आणि मग घरात असा प्रसंग येतो, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रेडनिसोलोन हे शरीराला अगदी परकं रसायन नाही. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी बसलेल्या असतात, अधिवृक्क ग्रंथी. एकेकीचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. त्या रोज कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक तयार करतात. पहाटे ते सर्वात जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वात कमी. रक्तदाब टिकवणं, उपाशीपोटी साखर घसरू न देणं, ताप किंवा जखम झाली की शरीराला तग धरायला लावणं, ही त्याची कामं. प्रेडनिसोलोन ही त्या कॉर्टिसॉलचीच कारखान्यात केलेली जास्त जोरकस आवृत्ती आहे. निरोगी माणसाचं शरीर रोज जेवढं कॉर्टिसॉल बनवतं, ते साधारण चार ते पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं असतं. हा पाचचा आकडा लक्षात ठेवा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याभोवतीच फिरतं. आईला रोज २० मिलिग्रॅम, म्हणजे शरीराच्या गरजेच्या चौपट मिळत होतं.

चौपट कशासाठी, तर सांध्यातली आग विझवायला. आमवातात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडते. प्रेडनिसोलोन पेशीच्या आत शिरतं, तिथे त्याच्यासाठीच असलेल्या एका ग्राहीला, म्हणजे कुलपासारख्या प्रथिनाला, चिकटतं आणि ही जोडी पेशीच्या केंद्रकात जाते. सूज पेटवणारी रसायनं कशी बनवायची याचा हुकूम तिथूनच सुटत असतो. तो हुकूम ही जोडी दाबून टाकते, आणि सूज आवरणाऱ्या काही प्रथिनांचं उत्पादन वाढवते. त्यातलं एक प्रथिन पेशीच्या आवरणातून चरबीचा कच्चा माल सुटू देत नाही. साधी वेदनाशामक गोळी त्या कच्च्या मालापासून पुढे बनणाऱ्या वस्तूंपैकी एकच फाटा अडवते. स्टेरॉईड मालच निघू देत नाही, त्यामुळे सगळे फाटे कोरडे पडतात. हुकूम बदलून त्याचा परिणाम दिसायला काही तास जातात, म्हणून ही गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी अर्ध्या तासात काम करत नाही. पण एकदा लागू पडली की फरक डोळ्यांना दिसतो. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला याच जातीचं कॉर्टिसोन पहिल्यांदा टोचलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० चं नोबेल त्या कामाला मिळालं. औषध थांबवलं की दुखणं परत येतं, हेही त्याच सुरुवातीच्या रुग्णांमध्ये दिसलं होतं.

अडचण अशी की ती ग्राही फक्त सांध्यात नसते. ती जवळपास प्रत्येक पेशीत आहे. यकृतात हीच जोडी साखर बनवण्याचा हुकूम वाढवते. हाडात नवं हाड घालणाऱ्या पेशींना ती थंड करते. स्नायूंतलं प्रथिन मोडते, गालांवर आणि मानेमागे चरबी साठवते. सांध्याला आराम देणारी आणि तोंड सुजवणारी अशा दोन वेगळ्या शक्ती या गोळीत नाहीत. एकच किल्ली सगळीकडे फिरते. म्हणून शेजारी जे म्हणाले ते खोटं नाही. हाडांची झीज पहिल्या तीन-सहा महिन्यांतच जास्त वेगाने होते. आईला अजून हाडांच्या घनतेची तपासणी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व किंवा गरजेप्रमाणे हाडांचं औषध यातलं काही सांगितलं नसेल तर ते स्वतःहून विचारा.

साखरेबद्दल एक बारकावा सांगतो, कारण घरोघरी इथे फसगत होते. गोळी सकाळी घेतली की साखर दुपारच्या जेवणानंतर आणि संध्याकाळी चढते. रात्रीत ती खाली येते आणि सकाळी उपाशीपोटी तपासली तर अगदी छान निघते. आईची जेवणानंतरची साखर कुणीतरी तपासली म्हणून कळलं. यापुढेही दुपारी जेवल्यावर दोन तासांनीच तपासा. आणि साखरेचं औषध चालू केलं असेल तर स्टेरॉईडचा डोस जसजसा उतरेल तसतसं तेही उतरवावं लागेल. नाहीतर तीन महिन्यांनी स्टेरॉईड कमी, साखरेची गोळी मात्र तेवढीच, असं होऊन साखर धोकादायकरीत्या खाली जाईल.

आणखी एक खूण तुम्ही घरी पाहू शकता. आई मांडी घालून सूप पुढ्यात घेऊन विड्या वळते. तिथून उठताना तिला हातांचा आधार घ्यावा लागतो का? गुडघा दुखत नसताना मांड्यांतच जोर नसेल, तर ती स्नायूंची झीज आहे. ती डोस उतरल्यावर बरीचशी भरून येते. वर्षातून एकदा डोळे दाखवा, मोतीबिंदू आणि डोळ्यांतला दाब दोन्हींसाठी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर बेडका तपासा, कारण या गोळीखाली दबलेला क्षय डोकं वर काढतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुम्ही मागावर काम करता, तर मागाच्या भाषेतच बोलतो. कॉर्टिसॉलचा शेठ मेंदूत बसलेला आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तो खालच्या पियूष ग्रंथीला निरोप देतो. पियूष ग्रंथी रक्तातून अधिवृक्क ग्रंथीला एक संप्रेरक पाठवते, तीच मालाची ऑर्डर. ऑर्डर आली की ग्रंथी कॉर्टिसॉल विणते. माल पुरेसा झाला की शेठ ऑर्डर थांबवतो, कारण मेंदूतल्या पेशींतही तीच ग्राही आहे आणि रक्तात किती माल आहे ते तिला कळतं. माल आपल्या मागावरचा की बाहेरून आणलेला, एवढं मात्र तिला कळत नाही. आईच्या रक्तात सहा महिने रोज चौपट माल बाहेरून येत होता. शेठने ऑर्डर पूर्ण बंद केली.

ऑर्डर नसलेला माग नुसता थांबून राहिला असता तर बटण दाबताच चालू झाला असता. इथे तसं नाही. पियूष ग्रंथीची ऑर्डर हेच अधिवृक्क ग्रंथीचं खतपाणीही आहे. ती थांबली की ग्रंथीचा कॉर्टिसॉल विणणारा थर सुकत जातो, पातळ होतो. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी कॉर्टिसोन घेणाऱ्या एका रुग्णाची हकिगत छापली होती. शस्त्रक्रियेनंतर तो शॉकमध्ये गेला आणि वाचला नाही. शवविच्छेदनात त्याच्या ग्रंथी सुकलेल्या सापडल्या. हे औषध वापरात येऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती.

तुमच्या आईला चौथ्या दिवशी जे झालं ते हेच. बाहेरचा माल बंद, घरचा माग सुकलेला. कॉर्टिसॉलशिवाय रक्तवाहिन्या ताण धरत नाहीत, म्हणून उभं राहिलं की चक्कर. पोट साथ देत नाही, म्हणून उलट्या. आणि उलटीतून गोळीही बाहेर पडते, म्हणून हे चक्र एकदा सुरू झालं की घरी आवरत नाही.

असाच एक रुग्ण माझ्या मनातून जात नाही. साठीचे गृहस्थ, बंद पडलेल्या गिरणीतले जुने कामगार. गुडघेदुखीसाठी तीन वर्षं कुठूनतरी आणलेली पुडी घेत होते. जडीबुटीची आहे असं त्यांना सांगितलेलं. संक्रांतीच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत घरी पाहुणे होते, पुड्या संपल्या, आणायचं राहून गेलं. आठवड्याभरात थंडीताप आला आणि ते बेशुद्धीच्या काठावर आमच्याकडे पोचले. रक्तदाब ८० वर ५०. दोन लिटर सलाईन गेलं तरी तो ९० च्या वर जाईना. साखर ५८. जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविक चालू केलं होतंच. मग त्यांचा हात पाहिला. कोपराच्या खालची कातडी कागदासारखी पातळ, जागोजागी जांभळे डाग, चेहरा गोल, पाय काटकुळे. घरच्यांना पुडीबद्दल विचारलं, तेव्हा उलगडा झाला. अशा पुड्यांत पुष्कळदा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेलं असतं, म्हणूनच त्यांनी इतकं बरं वाटतं. कॉर्टिसॉलसाठी रक्त काढून ठेवलं आणि अहवालाची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं. संध्याकाळी रक्तदाब ११० झाला आणि त्यांनी चहा मागितला. दुसऱ्या दिवशी अहवाल आला, कॉर्टिसॉल जवळजवळ शून्य.

तुमच्या आईने या गोळीआधी किंवा सोबत अशी कुठली पुडी किंवा बिननावाची गोळी घेतली असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. कुणी रागावेल म्हणून लपवू नका. तो काळ धरला तर तिच्या ग्रंथी सहा महिन्यांहून जास्त दिवस झोपलेल्या असू शकतात, आणि सगळा हिशेब बदलतो.

झोपलेला माग जागा करायला वेळ का लागतो ते आता पाहा. आधी शेठ जागा व्हायला हवा, मग त्याच्या ऑर्डरीवर ग्रंथी हळूहळू पुन्हा भरायला हवी. मेंदूची बाजू आधी सुधारते, ग्रंथी मागून येते. दोन्ही मिळून कुणाला काही आठवडे लागतात, कुणाला वर्ष, क्वचित त्याहून जास्त. तीन-चार आठवड्यांपेक्षा कमी दिवस स्टेरॉईड घेतलं असेल तर ग्रंथी सहसा इतकी सुकत नाही. दम्याच्या झटक्यासाठी पाच-सात दिवस घेतलेली गोळी म्हणूनच सरळ बंद करता येते. महिनाभराच्या पुढे, पाच मिलिग्रॅमच्या आसपास किंवा वर, रोज घेतली असेल तर मात्र ग्रंथी दबली आहे असंच धरून चालायचं.

डोस उतरवण्याची वाट मी दोन तुकड्यांत पाहतो. पाचच्या वरचा तुकडा आजारासाठी सावकाश उतरायचा, पाचच्या खालचा ग्रंथीसाठी. वीसवरून साडेसतरावर आलात तरी शरीराला गरजेपेक्षा कितीतरी जास्त मिळतंच आहे, चक्कर येण्याचं कारण नाही. तिथे प्रश्न एवढाच, की सांध्यांची आग परत भडकते का. तुमच्या आईसाठी उतार साधारण असा दिसेल, म्हणजे तुमच्या डॉक्टरांचे आठ-नऊ महिने कुठून आले ते कळेल. २०, मग १७.५, मग १५, मग १२.५, प्रत्येक पायरी दोन आठवडे. दोन महिन्यांत १० वर. त्या काळात मेथोट्रेक्सेटने सांध्यांचा भार उचललेला असायला हवा. दीर्घकाळ सांभाळायचं काम त्याचंच आहे, स्टेरॉईड तोवरचा पूल. १० च्या खाली पायऱ्या लहान होतात. एक दिवस १० आणि एक दिवस साडेसात असं तीन आठवडे, मग रोज साडेसात, मग साडेसात आणि पाच आलटून पालटून. पाच मिलिग्रॅमची गोळी अर्धी करून हे जमतं. अशा रीतीने पाचवर पोचेपर्यंत पाच महिने होतात.

इथून वाट बदलते. वर २० मधून अडीच काढले तर आठवा हिस्सा गेला. पाचमधून अडीच काढले तर निम्मा गेला, आणि तो निम्मा आता घरच्या ग्रंथीने भरून काढायचा आहे. म्हणून इथे महिन्याला एखादा मिलिग्रॅम एवढाच उतार. किंवा डॉक्टर सकाळच्या कॉर्टिसॉलची तपासणी करतात. आदल्या सकाळच्या गोळीनंतर २४ तास गोळी न घेता, आठ ते नऊच्या दरम्यान रक्त द्यायचं आणि रक्त दिल्यावर लगेच त्या दिवशीची गोळी घ्यायची. आधी गोळी घेतली तर आकडा फसवा येतो. तो १० मायक्रोग्रॅमच्या वर आला तर माग चालू झालाय, गोळी थांबवता येते. पाचच्या खाली आला तर ग्रंथी अजून झोपली आहे, तोच डोस ठेवून काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं. मधला आकडा आला तर काही आठवडे थांबून परत. पाचवर अडकून पडलो म्हणून निराश होऊ नका, तिथे थांबणं हाच तिथला उपचार असतो.

ही गोळी सकाळीच का, तेही यातच आहे. शेठ ऑर्डर पहाटे काढतो. रात्री गोळी घेतली तर नेमका पहाटेचा तो निरोप दाबला जातो. सकाळी घेतली तर पुढच्या पहाटेपर्यंत तिचा जोर ओसरतो आणि मेंदूला थोडी जाग येते. शिवाय आईची झोपही उडत नाही.

उतरताना काहीतरी दुखणारच. तेव्हा घाबरून डोस परत वीसवर नेऊ नका आणि दुर्लक्षही करू नका, नेमकं काय होतंय ते पाहा. बोटांचे सांधे हाताला गरम लागताहेत, सुजलेत, सकाळी तासभर मूठ वळत नाही, तर तो आमवात परत येतोय. त्यासाठी डॉक्टर मूळचं औषध, म्हणजे मेथोट्रेक्सेट, वाढवतील. अंग मोडून आलंय, हुरूप नाही, पण सांध्यांना सूज नाही आणि डोस अजून साडेसात-दहावर आहे, तर शरीराची जास्तीची सवय सुटताना होणारा तो त्रास आहे. एका पायरीवर थोडं जास्त थांबलं की तो जातो. पण भूक मेली, मळमळ, वजन उतरतंय, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी, आणि डोस पाचच्या आसपास किंवा खाली, तर ग्रंथी कमी पडतेय. मग एक पायरी वर जायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

शेवटचं काम सर्वात महत्त्वाचं, आणि ते तुम्हाला आजच करता येईल. निरोगी माणसाला ताप आला की त्याची ग्रंथी कॉर्टिसॉल वाढवते. आईची ग्रंथी ते करू शकणार नाही. पुढचे सगळे महिने, आणि गोळी सुटल्यावरही साधारण वर्षभर, हे ध्यानात ठेवायचं. डोस दहाच्या खाली आलेला असताना ताप आला तर ताप असेपर्यंत सकाळी पाच आणि संध्याकाळी पाच मिलिग्रॅम, असा सल्ला सहसा देतात. गोळी सुटल्यावर ताप आला तरी काय करायचं, तेही तुमच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. उलटी होऊन गोळी पडली तर एकदा परत द्या. तीही पडली तर वाट पाहायची नाही, रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. दात काढायचा असो की मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, तिथे आधी सांगायचं.

आई एकटी कुठे गेली, पंढरपूरला म्हणा की अक्कलकोटला, तरी तिच्या पिशवीत एक चिठ्ठी असू द्या. जाड कागदावर, मोठ्या अक्षरात, तिचं नाव आणि तुमचा फोन नंबर टाकून असं लिहा: ‘मी सहा महिन्यांहून जास्त काळ प्रेडनिसोलोन घेत आहे. आजचा डोस इतका. माझी अधिवृक्क ग्रंथी दबलेली आहे. मी बेशुद्ध असेन, सारख्या उलट्या होत असतील किंवा रक्तदाब उतरला असेल, तर तपासणीसाठी न थांबता हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम आणि सलाईन द्यावं.’ डोसचा आकडा पेन्सिलीने लिहा. तो दर काही आठवड्यांनी खोडून नवा लिहायचा आहे.